रिलोड नेमका कधी संपतो? बंदुकीचा खरा वेग स्वतः मोजण्याची पद्धत

शूटर गेममध्ये बंदूक निवडताना समोर डॅमेज, फायर रेट, रेंज, मॅगझिनमधल्या गोळ्या आणि फार तर रिलोडचा एखादा आकडा दिसतो. दोन रायफलींचे हे आकडे जवळपास सारखे असले, तरी एक हातात चपळ वाटते आणि दुसरी ऐन वेळी अडकल्यासारखी. नवीन खेळाडू याला सवयीचा फरक समजतात. बहुतेक वेळा तो सवयीचा नसतोच. तो अ‍ॅनिमेशनच्या वेळेत असतो, आणि ही वेळ त्या पानावर कुठेही छापलेली नसते.

हा लेख मुख्यतः रिलोडवर आहे, कारण नव्या खेळाडूचे सगळ्यात जास्त जीव तिथेच जातात. बंदूक बदलण्याचा वेग त्याच हिशोबात येतो. एकदा मोजायचं कसं हे कळलं की कुठल्याही गेममध्ये आणि कुठल्याही बंदुकीसाठी हीच पद्धत वापरता येते.

आधी समजून घ्या: रिलोडमध्ये तीन वेगवेगळे क्षण असतात

पहिला क्षण म्हणजे तुम्ही रिलोडचं बटण दाबता आणि हात हलायला लागतात. दुसरा क्षण म्हणजे गेम तुमच्या खात्यावर नव्या गोळ्या जमा करतो. स्क्रीनच्या कोपऱ्यातला गोळ्यांचा आकडा तेव्हा बदलतो. तिसरा क्षण म्हणजे अ‍ॅनिमेशन संपतं आणि बंदूक पुन्हा गोळी झाडायला मोकळी होते.

दुसरा आणि तिसरा क्षण बऱ्याच गेममध्ये एकाच वेळी येत नाहीत. अ‍ॅनिमेशन बनवणारा माणूस मॅगझिन आत बसतं त्या जागी एक खूण ठेवतो, आणि त्या खुणेवर पोहोचताच गेम गोळ्या जमा करतो. त्यानंतर हात मागे येणं, बोल्ट ओढणं, पकड नीट करणं, बंदूक पुन्हा समोर आणणं, हे सगळं बघायला छान असतं, पण हिशोबाच्या दृष्टीने गोळ्या आधीच आलेल्या असतात. या उरलेल्या भागाला मी या लेखात ‘शेपूट’ म्हणणार आहे. रिलोड कॅन्सल म्हणजे दुसरं काही नाही, गोळ्या जमा झाल्यावर ही शेपूट दुसऱ्या एखाद्या हालचालीने तोडायची.

मॅगझिनमध्ये काही गोळ्या शिल्लक असतानाचा रिलोड आणि पूर्ण रिकाम्या मॅगझिनचा रिलोड हे अनेक गेममध्ये दोन वेगळे अ‍ॅनिमेशन असतात. रिकाम्या बंदुकीत नवं मॅगझिन घातल्यावर बोल्टही ओढावा लागतो, म्हणून तो रिलोड लांबतो. एपेक्स लेजंड्समधली आर-३०१ रायफल घ्या. तिचा मूळ रिलोड गोळी शिल्लक असताना 2.4 सेकंदांचा आणि रिकामा असताना 3.2 सेकंदांचा. एक गोळी वाचवली की 0.8 सेकंद वाचतात, आणि त्यासाठी बोटांची कुठलीही करामत लागत नाही. कॅन्सल शिकण्याआधी ही सवय लावा. गोळीबार संपत आला आणि आडोसा जवळ असेल, तर शेवटची गोळी उडवण्याचा मोह टाळा.

पायरी 1: ट्रेनिंग मोडमध्ये रेकॉर्डिंग करा

ट्रेनिंग मोड किंवा रिकामी खासगी मॅच उघडा. स्क्रीन रेकॉर्डर 60 फ्रेम प्रति सेकंदावर ठेवा. गेमसुद्धा किमान 60 फ्रेमवर स्थिर चालला पाहिजे, नाहीतर रेकॉर्डिंगमधल्या फ्रेमना अर्थ उरत नाही. फोनवर खेळत असाल तर ग्राफिक्स कमी करा आणि फोन गार असताना हे करा, कारण तापलेला फोन फ्रेम गाळायला लागतो.

आता एकाच रायफलीच्या चार गोष्टी रेकॉर्ड करा. काही गोळ्या शिल्लक असताना रिलोड, पूर्ण रिकामी असताना रिलोड, रायफलीवरून पिस्तुलावर जाणं, आणि पिस्तुलावरून लगेच परत रायफलीवर येणं. प्रत्येक गोष्ट तीन-चार वेळा करा, म्हणजे एखादी नोंद चुकली तरी बाकीच्यांवरून लगेच लक्षात येतं.

रिलोड सुरू झाल्यावर फायरचं बटण दाबून धरा. ऑटोमॅटिक रायफल असेल तर मोकळी होताच ती पहिली गोळी स्वतःच सोडते, आणि तिसरा क्षण तुम्हाला नेमका मिळतो. काही गेममध्ये धरून ठेवलेलं बटण मोजलं जात नाही. तिथे ते भराभर दाबत राहा. शॉटगनमध्ये मात्र हे करू नका, त्याचं कारण पुढे येईल.

बंदूक पहिल्यांदा हातात घेताना अनेक गेम एक लांबलचक खास अ‍ॅनिमेशन दाखवतात. ती वेळ मोजली तर आकडा उगाच फुगतो. बंदूक एकदा काढून ठेवा, परत घ्या आणि मग मोजायला सुरुवात करा.

पायरी 2: फ्रेम मोजा

रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये उघडा. तिथे `E` दाबलं की व्हिडिओ एक फ्रेम पुढे सरकतो. यूट्यूबवर कुणाचा व्हिडिओ बघत असाल तर तो थांबवून `.` ने पुढे आणि `,` ने मागे जाता येतं. 60 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे साधारण 0.0167 सेकंद. फ्रेमच्या संख्येला 60 ने भागलं की सेकंद मिळतात.

मोजणी कुठून सुरू करायची यावर फार डोकं खपवू नका. तुम्ही बटण नेमकं कधी दाबलं हे व्हिडिओत दिसत नाही, म्हणून हात हलायला लागतात ती पहिली फ्रेम शून्य धरा. शेपटीची लांबी म्हणजे दोन नंतरच्या क्षणांमधलं अंतर, त्यामुळे सुरुवातीला एक-दोन फ्रेमची चूक झाली तरी ती लांबी बिघडत नाही. बंदूक बदलताना हत्यारांच्या यादीतली निवड बदलते ती फ्रेम शून्य धरा आणि नवी बंदूक गोळी सोडते ती शेवटची.

मोजणीत दोन्ही टोकांना एकेका फ्रेमची चूक राहणारच. म्हणून दोन-तीन फ्रेमच्या फरकावरून एक बंदूक दुसरीपेक्षा चांगली ठरवू नका.

पायरी 3: हिशोब मांडा

उदाहरणासाठी तीस गोळ्यांची एक काल्पनिक रायफल घेऊ. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या गेममध्ये तुमचे येतील.

मॅगझिनमध्ये दहा गोळ्या असताना रिलोड केला. 96 व्या फ्रेमला गोळ्यांचा आकडा बदलला, म्हणजे 1.6 सेकंदांनी. पहिली गोळी 144 व्या फ्रेमला सुटली, म्हणजे 2.4 सेकंदांनी. शेपूट झाली 48 फ्रेमची. मग रिकाम्या मॅगझिनने तेच केलं. आकडा बदलला 114 व्या फ्रेमला आणि गोळी सुटली 186 व्या फ्रेमला. इथे शेपूट 72 फ्रेमची, कारण मॅगझिन बसल्यावर बोल्ट ओढण्याचं अ‍ॅनिमेशन आहे.

आता शेपूट तोडायला किती खर्च येतो ते बघा. रायफलीवरून पिस्तुलावर जाण्याचं बटण दाबून लगेच परत रायफल घेतली, तर पहिल्या दाबापासून रायफल पुन्हा गोळी सोडेपर्यंत 45 फ्रेम लागल्या. तीच शेपूट धावण्याच्या बटणाने तोडली, म्हणजे क्षणभर धावायला सुरुवात करून थांबलो, तर 18 फ्रेममध्ये रायफल तयार झाली.

नफा म्हणजे शेपूट वजा खर्च. दहा गोळ्या शिल्लक असताना स्वॅपने कॅन्सल केलं तर 48 वजा 45, म्हणजे अवघ्या 3 फ्रेम. हे मोजणीच्या चुकीतच विरून जातं. रिकाम्या रिलोडमध्ये तोच स्वॅप 72 वजा 45, म्हणजे 27 फ्रेम वाचवतो, जवळजवळ अर्धा सेकंद. धावून कॅन्सल केलं तर पहिल्या प्रकारात 30 आणि दुसऱ्यात 54 फ्रेम वाचतात.

एकच बंदूक, एकच युक्ती, पण मॅगझिन रिकामं आहे की नाही यावर ती उपयोगी ठरते किंवा निरुपयोगी. ‘या गनला कॅन्सल चालतं’ असं सरसकट सांगणाऱ्या सल्ल्यावर म्हणूनच विसंबू नये. कुठला रिलोड आणि कशाने कॅन्सल, हे दोन्ही माहीत असल्याशिवाय त्या वाक्याचा उपयोग नाही.

यात आणखी एक खर्च आहे आणि तो माणसाचा आहे. आकडा बदललेला डोळ्यांनी बघून बोट हलवायला साधारण 0.2 सेकंद जातात, म्हणजे 12 फ्रेम. वरच्या पहिल्या प्रकारात स्वॅप केलात तर 3 फ्रेमचा नफा 9 फ्रेमचा तोटा होतो. म्हणूनच सरावलेले खेळाडू आकड्याकडे बघत बसत नाहीत. मॅगझिन आत बसताना येणारा खटका ऐकून ते लय पकडतात. रिलोडचे आवाज प्रत्येक वेळी त्याच क्रमाने आणि त्याच अंतराने येतात, त्यामुळे बोट खटक्याची वाट न बघता खटक्याबरोबरच खाली येऊ शकतं. सराव करताना स्क्रीनचा आकड्यांचा कोपरा हाताने झाकून फक्त कानावर विसंबा. माझ्या मते यापेक्षा चांगला सराव नाही, कारण मॅचमध्ये डोळे दाराकडे असायला हवेत, आकड्याकडे नाही.

पायरी 4: रिलोड करायचा की पिस्तूल काढायचं

बंदूक बदलण्याचा वेळ दोन तुकड्यांचा असतो. हातातली बंदूक खाली जाण्याचा आणि नवी वर येण्याचा. पहिला तुकडा जुन्या बंदुकीचा, दुसरा नव्या बंदुकीचा. म्हणून जड मशीनगनवरून पिस्तुलावर जाणं आणि हलक्या रायफलीवरून त्याच पिस्तुलावर जाणं यात फरक पडतो, जरी पिस्तूल एकच असलं तरी. काही गेम मात्र हे तुकडे ठेवतच नाहीत. टीम फोर्ट्रेस 2 मध्ये बंदूक बदलण्याचा मूळ वेळ सगळ्यांना एकच आहे, आणि 2015 च्या एका अपडेटमध्ये तो 0.67 सेकंदांवरून 0.5 वर आणला गेला. डॅमेजचा एकही आकडा न बदलता खेळाचा वेग त्याने बदलतो.

आपल्या उदाहरणातली रायफल रिकामी झाली आहे आणि समोर 40 हेल्थ उरलेला शत्रू उभा आहे. पिस्तूल 33 फ्रेममध्ये, म्हणजे 0.55 सेकंदात तयार होतं. त्याचा डॅमेज 25 आणि दोन गोळ्यांमधलं अंतर 0.15 सेकंद. दोन गोळ्या लागतील, म्हणजे एकूण 0.7 सेकंद. रायफल रिलोड करून, अगदी धावून कॅन्सल केलं तरी, गोळ्या जमा व्हायला 1.9 आणि खर्चाचे 0.3, म्हणजे पहिली गोळीच 2.2 सेकंदांनी सुटेल. शत्रू पूर्ण 100 हेल्थचा असला तरी पिस्तुलाच्या चार गोळ्या नेमक्या लागल्यास 1 सेकंदात काम होतं.

तेव्हा समोरासमोर असाल तर रिलोड हा पर्यायच नाही, कॅन्सल कितीही चांगलं येत असलं तरी. कॅन्सलचा उपयोग आडोशामागे होतो, दोन लढतींच्या मधल्या जागेत, जिथे अर्धा सेकंद आधी बाहेर येणं म्हणजे शत्रूला त्याच्या रिलोडमध्ये गाठणं असतं. फक्त अंतर लक्षात घ्या. लांबवर बऱ्याच पिस्तुलांचा डॅमेज घसरतो, दोनच्या चार-पाच गोळ्या होतात आणि निम्म्या चुकतात. तिथे पिस्तूल न काढता आडोसा घेणं बरं.

शॉटगन आणि स्नायपर: हिशोब वेगळा

एकेक काडतूस भरणाऱ्या शॉटगनमध्ये गोळ्या एका खुणेवर जमा होत नाहीत, प्रत्येक काडतूस आत गेलं की एक वाढते. त्यामुळे इथे शेपूट छोटी असते आणि रिलोड कुठेही तोडता येतो. बहुतेक गेममध्ये फायरचं बटण दाबलं की भरणं थांबतं आणि गोळी सुटते. मोजताना बटण दाबून धरू नका म्हटलं ते यासाठीच. नवीन खेळाडू सहाही काडतुसं भरून होईपर्यंत थांबतात. दोन भरली आणि पावलं ऐकू आली तर लगेच तोडा. पहिलं काडतूस भरायला पुढच्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण त्यात बंदूक तिरकी करण्याची हालचाल असते, म्हणून एकेक काडतूस भरून पुन्हापुन्हा थांबणंही महागात पडतं.

स्नायपरमध्ये मात्र फसवणारी गोष्ट आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये एडब्ल्यूपीची गोळी झाडली की लोक चटकन चाकू काढून परत एडब्ल्यूपी घेतात. बोल्ट ओढण्याचं अ‍ॅनिमेशन दिसत नाही, म्हणून नव्याला वाटतं पुढची गोळी लवकर सुटली. तसं होत नाही. दोन गोळ्यांमधलं सुमारे 1.46 सेकंदांचं अंतर गेम वेगळं मोजत असतो, आणि वर एडब्ल्यूपी पुन्हा हातात यायलाही वेळ लागतो. मग लोक हे का करतात? गोळीनंतर स्कोप आपोआप परत लागत नाही आणि पाय मोकळे होतात. स्कोपमध्ये एडब्ल्यूपीवाला खेळाडू 100 च्या वेगाने चालतो, स्कोपशिवाय 200 ने आणि चाकू हातात असताना 250 ने. आडोशाला परतायचं असेल तेव्हा हे दोन-अडीच पट खूप असतात.

अ‍ॅनिमेशन गायब होणं आणि वेळ वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून कॅन्सल तपासताना हाताकडे बघू नका, पुढची गोळी कुठल्या फ्रेमला सुटली तेवढंच बघा. याच्या उलटही उदाहरणं आहेत. डूम इटर्नलमध्ये सुपर शॉटगन झाडून लगेच बॅलिस्टावर जाणं खरोखर फायद्याचं आहे, कारण एका बंदुकीची थांबण्याची वेळ तुम्ही दुसरी बंदूक झाडण्यात घालवता.

मॅचमध्ये गेल्यावर काय बिघडतं

सगळ्यात सामान्य चूक म्हणजे घाई. खुणेच्या एक-दोन फ्रेम आधी स्वॅप केला तर काहीच जमा होत नाही, आणि रायफल परत येते ती जुन्याच आकड्यासह. मग रिलोड पहिल्यापासून. आपल्या उदाहरणात दीड सेकंदाहून जास्त वेळ गेला आणि हातात काही आलं नाही, म्हणजे तीन वेळा कमावलेला नफा एका चुकीत गेला. म्हणून सुरुवातीला खुणेच्या पाच-सहा फ्रेम नंतरच तोडा. थोडा नफा जातो, पण काम पक्कं होतं.

दुसरी अडचण नेटवर्कची. गोळ्या खऱ्या अर्थाने जमा करतो तो सर्व्हर. तुमचा फोन किंवा कॉम्प्युटर आधीच अंदाज बांधून आकडा दाखवतो. पिंग जास्त असेल आणि तुम्ही अगदी काठावर कॅन्सल केलं, तर स्क्रीनवर 30 दिसतं आणि रायफल परत घेतल्यावर पुन्हा 10. ट्रेनिंगमध्ये जमणारं मॅचमध्ये असं उलटायला लागलं, तर बोटांना दोष देऊ नका, अजून दोन-चार फ्रेम थांबा.

तिसरी गोष्ट गेमच्या नियमांची. काही गेम रिलोड टप्प्याटप्प्यांनी लक्षात ठेवतात. मॅगझिन बसल्यावर तोडलात, तर बंदूक परत घेताना बोल्ट ओढण्याचा राहिलेला टप्पा आधी पूर्ण करावा लागतो. अशा गेममध्ये रिकाम्या रिलोडची लांब शेपूट तोडून काही मिळत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. कॅन्सल करून बंदूक परत आली की हात थेट पकडीवर जातो की आधी बोल्टकडे, ते स्लो मोशनमध्ये बघा.

हे सगळं एका बटणावर बसवणारे मॅक्रो आणि स्क्रिप्ट मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. एका दाबात अनेक क्रिया करणाऱ्या ऑटोमेशनवर स्पर्धात्मक गेम कडक होत चालले आहेत. व्हॉल्वने ऑगस्ट 2024 मध्ये काउंटर-स्ट्राइक 2 च्या अधिकृत सर्व्हरवर हालचालींचं असं ऑटोमेशन बंद केलं. शिवाय मॅक्रोला वरची पिंगची अडचण कळत नाही. तो ठरलेल्या वेळीच तोडतो, गोळ्या आल्या असोत वा नसोत.

तुमची नोंद कशी ठेवावी

एका कागदावर बंदुकीचं नाव, त्याखाली पाच आकडे: शिल्लक गोळ्यांच्या रिलोडची शेपूट, रिकाम्याची शेपूट, स्वॅपने तोडण्याचा खर्च, धावून तोडण्याचा खर्च, आणि पिस्तूल तयार होण्याचा वेळ. शेजारी मोजल्याची तारीख आणि बंदुकीवर लावलेले भाग लिहा. मोठं मॅगझिन, वेगळा दांडा किंवा रिलोड जलद करणारा पर्क लावला की हे आकडे बदलतात. जलद रिलोडचा पर्क अनेकदा पूर्ण अ‍ॅनिमेशनच भरभर चालवतो, मग शेपूटही आखूड होते आणि काल नफ्याचं असलेलं कॅन्सल आज तोट्यात जातं.

दोन-तीन बंदुकांपेक्षा जास्त मोजायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. ज्या रायफलीने रोज खेळता ती आणि तिच्या जोडीचं पिस्तूल एवढं पुरे. नवा पॅच आला की पॅच नोट्समध्ये ‘रिलोड’ किंवा ‘इक्विप’ शब्द शोधा. तिथे तुमच्या बंदुकीचं नाव असेल तर पाचही आकडे पुन्हा मोजा. नाव नसेल, तर रिकाम्या रिलोडची शेपूट तेवढी एकदा तपासून घ्या.